दोन दिव्यांची पट्टी आणि तिसरा दिवा

निंटेंडो या जपानी कंपनीचं 'वी' हे खेळयंत्र २००६च्या नोव्हेंबरात अमेरिकेत विक्रीला आलं, तेव्हा खोक्यात एक बारीक काळी पट्टी असायची. लांबी साधारण वीतभर, जाडी बोटाएवढी आणि मागून निघालेली एक पातळ वायर. ही पट्टी टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायची, वायर यंत्राला जोडायची, आणि मग हातातला पांढरा रिमोट पडद्याकडे रोखला की पडद्यावर एक छोटा हात हलू लागायचा. पट्टीचं नाव 'सेन्सर बार'. साहजिकच सगळ्यांनी धरून चाललं, की ही पट्टी रिमोटकडे बघते आणि तो कुठे रोखलाय ते यंत्राला कळवते.

प्रत्यक्षात ती काहीच बघत नाही. तिच्यात एकही सेन्सर नाही. दोन टोकांना मिळून दहा छोटे एलईडी आहेत, एकेका टोकाला पाच, आणि त्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश बाहेर पडतो. वायरीतून फक्त वीज जाते. यंत्राकडे परत काहीही येत नाही. बघण्याचं काम रिमोट करतो. त्याच्या पुढच्या टोकाला जी काळसर, चकचकीत खिडकी दिसते तिच्यामागे एक बारकासा कॅमेरा आहे. थोडक्यात, पट्टी म्हणजे दोन दिवे आणि रिमोट म्हणजे डोळा. जहाजाने किनाऱ्यावरचे दिवे बघून आपली जागा ठरवावी, तसं हे चालतं. किनाऱ्यावर कोणी तिसरा दिवा लावला तर जहाजाचं काय होईल, हेच या लेखात पाहायचं आहे.

आधी हा डोळा काय बघतो ते समजून घेऊ. पिक्सआर्ट नावाच्या कंपनीची ही चकती आहे. तिच्यातले टिपके आडवे १२८ आणि उभे ९६, म्हणजे आजच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे अगदीच गरीब. पण तिला चित्र काढायचंच नसतं. तिच्यासमोरच्या काळ्या खिडकीतून दिसणारा प्रकाश जवळजवळ आत येतच नाही, अवरक्त तेवढा येतो. म्हणून तिच्या लेखी खोली म्हणजे काळोख आणि त्यात चमकणारे काही ठिपके. त्यातले सर्वांत ठळक असे जास्तीत जास्त चार ठिपके ती निवडते, प्रत्येकाची जागा शेजारच्या टिपक्यांच्या उजेडावरून आठपट बारकाईने काढते आणि फक्त ते आकडे ब्लूटूथने यंत्राकडे पाठवते. सेकंदाला सुमारे शंभर वेळा. चित्र कधी पाठवलंच जात नाही. या बारकाईमुळे १२८ टिपक्यांची रुंदी १०२४ घरांची होते आणि हात स्थिर असेल तर पडद्यावरचा हातही स्थिर राहतो.

यंत्राला या आकड्यांतून तीन गोष्टी कळतात. दोन ठिपक्यांचा मध्य कुठे आहे, यावरून रिमोट कुठे रोखलाय ते. ठिपक्यांमधलं अंतर किती आहे, यावरून माणूस किती दूर बसलाय ते. कारण जवळ आलं की पट्टी मोठी दिसते. आणि दोघांना जोडणारी रेघ किती कललीय, यावरून मनगट किती वळलंय ते. हा शेवटचा अंदाज रिमोटमधल्या गती मोजणाऱ्या चिपशीही ताडून बघता येतो, कारण तिला पृथ्वीची ओढ कुठल्या दिशेला आहे ते कळतं. पहिल्या दोन गोष्टींना मात्र ठिपक्यांखेरीज दुसरा आधार नाही.

इथे एक प्रश्न हटकून पडतो. टीव्हीचा साधा रिमोटही अवरक्त प्रकाशावरच चालतो. मग तो दिव्याच्या उजेडात सहसा का बिघडत नाही? कारण तो बोलतो. त्याचा एलईडी सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्हीतला ग्राहक तेवढ्याच लयीतल्या लुकलुकीला दाद देतो. बल्बचा उजेड या लयीत नसतो, म्हणून तो बाजूला पडतो. भर बाजारात आपल्या मुलाची हाक आईला वेगळी ऐकू येते, तसंच. पण सेन्सर बारचे दिवे मुके आहेत. ते सतत जळत राहतात, कसलाही संकेत देत नाहीत. रिमोटचा कॅमेरा सेकंदाला शंभरदा बघणारा. हजारोंच्या लयीतली लुकलुक त्याला वाचताही आली नसती. त्याच्याकडे ओळखीची खूण एकच: 'काळोखात दोन ठळक ठिपके'. या खुणेत बसणारी कुठलीही वस्तू त्याला सेन्सर बारच वाटते.

हे खोटं वाटत असेल तर पट्टीची वायर काढून ठेवा आणि तिच्या जागी वीतभर अंतरावर दोन मेणबत्त्या लावा. पडद्यावरचा हात मुकाट्याने हलू लागतो. पट्टी हरवलेल्या अनेकांनी हा उपाय खरोखर केलेला आहे. पणत्यांनीही काम होतं, आणि त्याच न्यायाने दिवाळीत टीव्हीच्या फळीवर पणत्यांची रांग मांडली तर खेळ बिघडणार हेही ओघाने आलं. ज्योतीच्या तापमानाला तिच्या प्रकाशाचा मोठा वाटा अवरक्तातच पडतो, आणि पट्टीतल्या एलईडींचा सूर, म्हणजे ९४० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी, त्या पसाऱ्यात आपसूक येऊन जातो.

आता दिव्यांकडे वळू. तापून प्रकाश देणाऱ्या वस्तूचा साधा नियम असा, की ती जितकी गरम तितका तिचा प्रकाशाचा शिखरबिंदू आखूड तरंगलांबीकडे सरकतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार सुमारे २७०० केल्विनला तापते. २९ लाखांना (नेमकं सांगायचं तर २८ लाख ९८ हजारांना) केल्विनच्या आकड्याने भागलं की शिखर नॅनोमीटरमध्ये मिळतं. बल्बचं येतं सुमारे १०७०. हॅलोजन थोडा अधिक तापतो, तीन हजाराच्या आसपास, आणि त्याचं शिखर येतं सुमारे ९६५. म्हणजे वाचायच्या टेबलावरचा हॅलोजन दिवा नेमका पट्टीच्या सुराशेजारीच सर्वांत जोरात गातो. आपल्याला दिसणारा उजेड हा अशा दिव्याचा किरकोळ भाग. बहुतेक वीज अवरक्तात जाते. पट्टीतले मोजके मिणमिणते एलईडी त्याच्यापुढे काय टिकणार? त्यांचं बळ एवढंच, की ते सरळ माणसाकडे तोंड करून असतात आणि दिव्यावर बहुधा झडप असते.

याउलट आजचा पांढरा एलईडी बल्ब कितीही झगझगीत असला तरी निरुपद्रवी. त्याच्या आत निळा एलईडी असतो आणि वरचा पिवळसर लेप त्या निळ्याचं पांढरं करतो. अवरक्तात तो जवळपास काही सांडत नाही. म्हणून 'प्रखर दिव्यापाशी रिमोट बिघडतो' हे वाक्य अर्धवट आहे. प्रखर असण्याशी संबंध नाही, तापण्याशी आहे. चाळीस वॉटचा जुना मंद बल्ब गडबड करेल आणि डोळे दिपवणारी एलईडीची ट्यूब करणार नाही. सीएफएलची गोष्ट मधली: थंड असताना त्याच्या नळीतला आर्गॉन वायू ९१२ नॅनोमीटरला बराच अवरक्त सोडतो, आणि नळी तापून पारा कामाला लागला की तो कमी होतो. बटण दाबल्यावर दोन-चार मिनिटं रिमोट वेडावतो आणि मग आपोआप सुधारतो, असं दिसलं तर संशय इकडे घ्यावा.

तिसरा दिवा नेमकं काय करतो, ते एका खोलीत उभं राहून मोजू. समजा ४३ इंची टीव्ही आहे, त्याच्या मध्यावर पट्टी ठेवली आहे आणि आपण दोन मीटरवर बसलो आहोत. टीव्हीच्या उजवीकडे, मध्यापासून ९० सेंटीमीटरवर, साधारण पट्टीच्याच उंचीला एक हॅलोजनचा टेबल लॅम्प आहे. रिमोटच्या कॅमेऱ्याची नजर आडवी सुमारे ३३ अंश रुंद आहे, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेसोळा. आपल्या जागेवरून दिवा मध्यापासून २४ अंशांवर दिसतो. रिमोट टीव्हीच्या मध्यावर रोखलेला असेपर्यंत तो नजरेबाहेरच आहे, आणि सगळं छान चाललेलं असतं. हात उजवीकडे साडेसात-आठ अंश वळला, म्हणजे रिमोटचं टोक मध्यापासून २७-२८ सेंटीमीटर उजवीकडे आलं, की दिवा नजरेच्या कडेला उगवतो.

हात आणखी थोडा वळवून दहा अंशांवर नेला, तर कॅमेऱ्याच्या १०२४ घरांच्या पट्टीवर चित्र असं दिसतं: रिमोट उजवीकडे वळलाय म्हणून पट्टीचे दोन ठिपके डावीकडे गेलेत, त्यांचा मध्य सुमारे २००व्या घरात. दिवा उजव्या कडेला, सुमारे ९५०व्या घरात. आता यंत्राने पट्टीचा डावा ठिपका सोडून उजवा ठिपका आणि दिवा ही जोडी धरली, तर मध्य एका क्षणात २००वरून ६२०वर जातो. पडद्यावरचा हात झेप घेतो. शिवाय ठिपक्यांमधलं अंतर पावणेदोनशे घरांवरून साडेसहाशेच्या पुढे गेलं, म्हणजे यंत्राच्या समजुतीने आपण दोन मीटरवरून उडी मारून अर्ध्या मीटरवर आलो. पुढच्या क्षणी ते पुन्हा खरी जोडी धरतं, हात परत जातो. सेकंदात अनेकदा असं झालं की दिसतं ते हाताचं थरथरणं आणि उड्या.

निदानासाठी यातली एक गोष्ट फार कामाची आहे. पडद्याच्या एकाच बाजूला गेल्यावर हात बिथरत असेल, तर त्याच बाजूला, पडद्याबाहेर, तापलेलं काहीतरी आहे. हात सगळीकडेच थरथरत असेल, तर कारण पट्टीच्या अगदी जवळ आहे. आणि छतावरच्या दिव्याला उगाच दोष देऊ नये. उभी नजर जेमतेम २३ अंश आहे. दोन मीटरवरून ती पट्टीच्या वर-खाली चाळीसेक सेंटीमीटरच बघते. त्यापलीकडचा दिवा रिमोटच्या दृष्टीने दुसऱ्या गावात आहे. टीव्हीमागच्या खिडकीचं मात्र तसं नाही. उन्हातही अवरक्ताचा मोठा भाग असतो, आणि उन्हाने उजळलेली खिडकी ठिपका न राहता कॅमेऱ्याच्या नजरेतला भला मोठा डाग होते. तिच्या शेजारी पट्टीचे ठिपके शोधणं म्हणजे भर दुपारी काजवे शोधणं.

आता टीव्ही. घरातला जुना टीव्ही जाऊन नवा आला आणि रिमोट बिघडला, ही तक्रार बऱ्याच जणांची असते, आणि त्यावर सहज सुचणारं उत्तर असं, की नवा पडदा फार उजळ आहे म्हणून. मला हे उत्तर पटत नाही. एलईडी पट्ट्यांवर चालणाऱ्या पडद्याच्या मागे तोच निळा एलईडी असतो, जो बल्बमध्ये असतो. त्यातून अवरक्त गळत नाही म्हटलं तरी चालेल. ओएलईडीचंही तेच.

खरा आरोपी होता तो प्लाझ्मा टीव्ही, आणि वी बाजारात आलं त्या काळात तोच 'आधुनिक' होता. प्लाझ्माच्या पडद्यात लाखो चिमुकल्या कप्प्यांमध्ये निऑन आणि झेनॉन वायू भरलेले असतात. वीज गेली की झेनॉन अतिनील प्रकाश देतो, तो रंगाच्या लेपावर पडून चित्र होतं. पण झेनॉन त्याबरोबर ८२३ आणि ८२८ नॅनोमीटरला अवरक्तही सोडतो, कोणी न मागता. पडद्याच्या काचेवर ते अडवणारा थर लावावा लागे, कारण नाहीतर घरातले साधे रिमोटही गोंधळत. थर लावूनही थोडं निसटायचंच. जुन्या एलसीडीतही मागे बारीक ट्यूब असायच्या आणि त्या थंड असताना सीएफएलसारख्याच आर्गॉनचा अवरक्त सोडत. प्लाझ्मा बनवणं मोठ्या कंपन्यांनी २०१४च्या सुमारास थांबवलं. म्हणून आज घेतलेल्या टीव्हीवर हा आरोप ठेवता येत नाही.

नव्या टीव्हीचे गुन्हे वेगळे आहेत आणि ते त्याच्या अंगकाठीत आहेत. पहिला म्हणजे चकाकी. काचेचं किंवा पॉलिश केलेलं टेबल, टीव्हीची चकचकीत काळी बैठक, यांच्यावर पट्टी ठेवली की तिच्या दोन ठिपक्यांचं प्रतिबिंब खाली पडतं. आपल्याला ते दिसत नाही, कारण मूळ ठिपकेच दिसत नाहीत. रिमोटला मात्र दोनाऐवजी चार ठिपके दिसतात, वर दोन आणि खाली दोन, आणि तो कधी या जोडीला तर कधी त्या जोडीला पट्टी समजतो. यात हात आडवा उड्या मारत नाही, वर-खाली थरथरतो. पट्टीखाली काळं, खरखरीत कापड अंथरलं की प्रतिबिंब जातं. किंवा पट्टी टीव्हीच्या वर चढवावी. पण आजच्या टीव्हीची वरची कड बोटाएवढीही जाड नसते, पट्टी तिथे ठरत नाही, आणि लोक नाइलाजाने ती पुन्हा त्याच चकचकीत टेबलावर ठेवतात. पडद्याची काचही चकाकते. आपल्या पाठीमागे दिवा किंवा उघडी खिडकी असेल तर तिची छबी पडद्यात पडते, आणि रिमोट पडद्याकडेच तोंड करून असतो.

दुसरा गुन्हा आकाराचा. पूर्वीच्या ३२ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ७१ सेंटीमीटर. दोन मीटरवरून त्याची कड मध्यापासून दहा अंशांवर येते, रिमोटच्या साडेसोळा अंशांच्या नजरेत आरामात मावणारी. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद. त्याची कड सतरा अंशांवर. तिथे अगदी बोट दाखवल्यासारखा रिमोट रोखला तर मधल्या पट्टीचा निदान एक ठिपका नजरेबाहेर गेलेला असतो. खेळाची आज्ञावली हे ओळखून असते, म्हणून हात थोडा वळला तरी पडद्यावरचा हात कडेपर्यंत पोहोचेल असं गणित तिने आधीच बसवलेलं असतं. टीव्ही केवढा आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि ती विचारतही नाही. परिणाम असा, की मोठ्या पडद्यासमोर जवळ बसलं की हात जिथे दाखवतो तिथे निशाण नसतं, आणि आपण अधीर होऊन हात आणखी वळवला की निशाण गडपच होतं. हा बिघाड नव्हे. खुर्ची तीन मीटरवर न्यावी, इतकंच.

तिसरी गोष्ट तर अवरक्ताशी संबंधितच नाही, पण गल्लत हमखास होते. वी यंत्राचं चित्र जुन्या, कमी बारकाईच्या धाटणीचं असतं. नवा टीव्ही ते ताणून, घासूनपुसून मोठं करतो आणि त्यात क्षणाचा काही भाग जातो. हात हलवला आणि पडद्यावरचा हात मागून रेंगाळत आला, पण उड्या न मारता सावकाश नेमक्या जागी पोहोचला, तर दिव्यांचा शोध थांबवून टीव्हीच्या सेटिंगमधला 'गेम मोड' लावून बघावा.

यंत्रातच तपासणीची एक सोय आहे आणि ती फार कमी लोक उघडतात. Wii Settings मध्ये Sensor Bar आणि त्यात Sensitivity असं गेलं की काळ्या पडद्यावर रिमोटच्या कॅमेऱ्याला जे दिसतंय तेच दिसतं. दोन लुकलुकते ठिपके दिसले तर सगळं ठीक. तिसरा दिसला, तर रिमोट सावकाश इकडेतिकडे वळवून तो कुठल्या दिशेला आहे ते बघावं आणि खोलीतल्या वस्तू एकेक करून झाकाव्यात. ठिपका गेला की चोर सापडला. संवेदनक्षमतेच्या पाच पायऱ्याही तिथेच आहेत, आणि त्यांच्याबाबतीत माणसाची सहजबुद्धी उलटी चालते. हात थरथरतोय म्हटलं की आपण पायरी वाढवतो. पण वाढवल्याने फिकट ठिपकेही उठून दिसतात, टेबलातलं प्रतिबिंबसुद्धा. चोर जास्त झाले असतील तर पायरी उतरवायची, आणि दुरून खेळताना पट्टीच दिसेनाशी होत असेल तेव्हाच चढवायची. हॅलोजनपुढे मात्र पायरी उतरवूनही उपयोग नाही, कारण तो पट्टीपेक्षा ठळक आहे; तिथे दिवा हलवणं किंवा विझवणं हाच उपाय. शेजारच्या Sensor Bar Position मध्ये पट्टी वर आहे की खाली तेही खरं सांगावं लागतं, नाहीतर निशाण कायम एका बाजूला सरकलेलं राहतं.

पट्टी जिवंत आहे की नाही, हे बघायला मोबाइल पुरतो. मागचा कॅमेरा बहुधा अवरक्त अडवतो, पण अनेक मोबाइलांचा पुढचा कॅमेरा तेवढा कडक नसतो. त्यातून पट्टीकडे बघितलं तर दोन टोकांना जांभळट ठिपके चमकताना दिसतात. एकाच टोकाला चमक असेल, तर खोलीतले सगळे दिवे विझवूनही रिमोट सुधारणार नाही. अर्धी पट्टी गेलेली असते. आणि हाच मोबाइल हातात असताना टेबलाच्या काचेकडेही एकदा बघून घ्यावं. पट्टीच्या बरोबर खाली तसेच दोन जांभळे ठिपके उलटे लटकलेले दिसण्याची शक्यता बरीच आहे.